रुग्णवाहिकेची वाट : मुंबईतील जखमींच्या प्रवासाचा इतिहास

मुंबईचा नकाशा समोर ठेवला, की हे शहर आडवे नसून उभे आहे ही गोष्ट प्रथम ध्यानात येते. दक्षिणेस कुलाब्यापासून उत्तरेस एकीकडे दहिसर आणि दुसरीकडे मुलुंडपर्यंत ते लांबत गेले. त्याची रुंदी मात्र समुद्राने आणि खाडीने केव्हाच ठरवून टाकली होती. लोहमार्ग उत्तर-दक्षिण धावतात, मोठे रस्तेही त्यांच्याच सोबतीने धावतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे म्हटले, की रुळांवरचे मोजके पूल आणि थोडे जोडरस्ते एवढाच आधार उरतो.

या उभ्या शहरात मोठी रुग्णालये उभी राहिली ती दक्षिणेकडच्या भागात. सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ चे, परळचे के. ई. एम. १९२६ चे आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ चे. त्या काळी वस्तीही तेथेच होती. पुढे वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. रुग्णालये आपल्या जागी राहिली. अपघात उपनगरात घडावा आणि त्यावरील पूर्ण उपचार शिवेच्या अलीकडे मिळावा, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली आणि ती अनेक दशके टिकली.

म्हणूनच मुंबईतील रुग्णवाहिकांचा इतिहास हा नुसता गाड्यांचा इतिहास नाही. जखमी माणूस पडला त्या क्षणापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचेतो जी मिनिटे जातात, ती कोठे खर्ची पडली आणि कोणी कशी वाचवली, याचा हा इतिहास आहे.

भीतीची गाडी

या इतिहासाचा आरंभ सुखद नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. त्यानंतर रोग्यांना घरातून हलवून साथरोगाच्या रुग्णालयात नेण्याची सक्ती सुरू झाली. आर्थर रोडवरील रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत गिरणगावात पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. रोगी माडीवर, कपाटामागे, शेजाऱ्याच्या खोलीत लपवले जाऊ लागले.

तेव्हाच्या सामान्य मुंबईकराच्या लेखी रोग्याला न्यायला येणारे वाहन हे मदतीचे नव्हते, ते सरकारचे होते. माणसाला उचलून नेणे आणि माणसाला वाचवणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा विश्वास त्या वाहनाविषयी निर्माण व्हायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. या भीतीचा एक धागा फार पुढपर्यंत टिकला. तो रोगाचा राहिला नाही, पोलिसी चौकशीचा झाला. त्याविषयी पुढे येईलच.

दानाची गाडी

विसाव्या शतकात रुग्णवाहिकेचे रूप पालटले. सेंट जॉन अॅम्ब्युलन्स संघटनेने प्रथमोपचाराचे वर्ग चालवले. अग्निशमन दलाकडे आणि मोठ्या रुग्णालयांकडे स्वतःच्या गाड्या आल्या. परंतु शहराच्या गरजेच्या मानाने ही संख्या अपुरी होती, आणि उरलेली जागा भरून काढली ती धर्मादाय संस्थांनी. विविध समाजांचे न्यास, संघ, गणेशोत्सव मंडळे, व्यापारी संघटना आणि राजकीय पक्षांच्या शाखा यांनी देणगीतून गाड्या घेतल्या. दात्याच्या मातापित्यांचे नाव दारावर रंगवलेली पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असणे, हे मुंबईतील परिचित दृश्य झाले.

या गाड्यांनी मोठे काम केले. बाळंतिणीला घरी आणणे, अर्धांगवायूच्या वृद्धाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवून तपासणीस नेणे, मध्यरात्री दम्याच्या रुग्णाला रुग्णालयात पोहोचवणे, ही कामे त्यांच्यावाचून अडली असती. पण या सेवेची एक मर्यादा होती आणि ती समजून घेणे आवश्यक आहे. गाडीत स्ट्रेचर असे, बहुधा प्राणवायूचे नळकांडे असे. प्रशिक्षित सहायक मात्र क्वचितच असे. चालक हाच चालक, तोच उचलणारा आणि तोच धीर देणारा. ठरलेल्या रुग्णाला ठरलेल्या ठिकाणी नेण्यासाठी एवढे पुरेसे होते. ज्याच्या श्वासमार्गात रक्त साचले आहे किंवा ज्याच्या मानेचे हाड मोडले असण्याची शंका आहे, त्याच्यासाठी ते पुरेसे नव्हते.

दुसरी अडचण दूरध्वनीची होती. प्रत्येक न्यासाचा क्रमांक वेगळा. तो कार्यालयाच्या फळ्यावर, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर किंवा चालकाच्या घराशेजारच्या वाण्याकडे असे. ज्याला तो पाठ असे तो त्या वस्तीतलाच माणूस. अपघात मात्र बहुधा परक्या रस्त्यावर होतो. पोलिसांचा १०० आणि अग्निशमन दलाचा १०१ हे क्रमांक लहान मुलांनाही ठाऊक होते. रुग्णवाहिकेला मात्र शहरभर सर्वांच्या तोंडी बसलेला एक क्रमांक नव्हता.

टॅक्सीचा काळ

मग जखमी माणसे रुग्णालयात पोहोचत कशी? याचे उत्तर मुंबईच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या रंगात उभे होते. शहरातील जखमींच्या रुग्णालयपूर्व उपचारांविषयीचा एक अभ्यास २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘जेथे आपत्कालीन वैद्यकीय सेवा नाही’ अशा आशयाचेच त्याचे शीर्षक होते, आणि रुग्णवाहिकेच्या जागी लोक प्रामुख्याने टॅक्सीचा आधार घेतात, असे त्यात दिसून आले. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांतही जखमींना हाती लागेल त्या वाहनातून नेण्यात आले होते.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याची पुन्हा प्रचीती आली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. लोहमार्ग थांबला, आणि त्यावरची सारी माणसे रस्त्यावर आली. ज्या वेळी जखमींना रस्ता हवा होता, नेमक्या त्याच वेळी रस्ते तुडुंब भरले. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी येथील रुळांलगतच्या झोपड्यांतून लोक चादरी आणि साड्या घेऊन धावले. चार कोपरे चौघांनी धरून जखमींना रुळांवरून बाहेर काढले आणि मिळेल त्या टॅक्सी, रिक्षा, टेंपोतून रुग्णालयात पोहोचवले. त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले त्याचे श्रेय या अनामिक हातांकडे जाते.

परंतु एरवी, एकट्या-दुकट्या अपघाताच्या वेळी, हेच हात पुढे येताना थबकत असत. कारण होते पोलीस ठाण्याचे, जबाबाचे आणि न्यायालयातील तारखांचे. रुग्णालयेही ‘पोलीस प्रकरण’ म्हणून हात आखडता घेत. दिल्लीतील परमानंद कटारा यांच्या याचिकेमागे असाच एक प्रसंग होता. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले असता, न्यायवैद्यक प्रकरणे हाताळणाऱ्या सुमारे वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात जाण्यास सांगण्यात आले आणि वाटेतच तो दगावला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जखमीचे प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कारासाठी उपचार थांबवता येणार नाहीत.

निकाल लागला तरी रस्त्यावरच्या माणसाची भीती लगेच गेली नाही. जखमीस मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे नाही, त्याला साक्षीदार होण्याची सक्ती नाही, आणि सद्हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही. त्याच दुरुस्तीने रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली. १८९६ पासून रुग्णवाहिकेच्या वाटेवर उभी असलेली शासनाची भीती कायद्याच्या पुस्तकातून तरी अशी दूर झाली.

एक क्रमांक

सहज पाठ होणारा एकच क्रमांक देण्याचा ठळक प्रयत्न मुंबईत २००५ मध्ये झाला. काही तरुण मित्रांनी एकत्र येऊन १२९८ या क्रमांकाची सेवा सुरू केली. तिच्या आकारणीची पद्धत विचार करण्याजोगी होती. रुग्णाला कोठे न्यायचे, यावरून शुल्क ठरे. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण आकार, सार्वजनिक रुग्णालयात जाणाऱ्याकडून सवलतीचा आणि रस्त्यावर एकाकी पडलेल्या जखमीकडून काहीही नाही. उत्पन्नाचा दाखला मागण्याची गरज नव्हती. रुग्णालयाची निवड हाच दाखला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री या सेवेच्या गाड्या जखमींसाठी धावल्या होत्या.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००५ रोजी, हैदराबाद येथे १०८ हा क्रमांक सुरू झाला आणि तो पुढे अनेक राज्यांनी स्वीकारला. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून, ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या, म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र असलेल्या होत्या. उरलेल्या ७०४ प्राथमिक स्वरूपाच्या. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, ही महाराष्ट्राच्या योजनेची दोन वैशिष्ट्ये. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत दहा दुचाकी रुग्णवाहिकाही आल्या. मोठी गाडी ज्या गल्लीत शिरू शकत नाही, तेथे डॉक्टर आपल्या औषधांसह आणि प्राणवायूसह दुचाकीवरून आधी पोहोचावा आणि मागून येणाऱ्या गाडीपर्यंत रुग्णाला सावरून धरावे, अशी ती कल्पना होती.

पुढे पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी ११२ हा राष्ट्रीय क्रमांक आला. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. रेल्वे प्रवाशांसाठी १३९ आहे. ज्या शहरात एकेकाळी क्रमांकच नव्हता, तेथे आता कोणता फिरवावा असा प्रश्न पडू लागला. त्याचे उत्तर साधे आहे. केवळ जखमी किंवा आजारी माणसासाठी १०८; पोलिसांची किंवा बंबाचीही गरज असेल तर ११२; आगगाडीत किंवा फलाटावर काही घडले तर १३९. एक लागला नाही तर दुसरा.

मिनिटे जातात कोठे?

क्रमांक मिळाला, गाडी आली. तरी प्रश्न संपत नाही. तो नीट समजण्यासाठी एका कल्पित प्रसंगाचा हिशेब मांडून पाहू. पुढील मिनिटे केवळ उदाहरणादाखल आहेत.

वेळ संध्याकाळी साडेसहाची. कुर्ला पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गावर एक दुचाकीस्वार घसरून पडतो. शिरस्त्राणाचा पट्टा लावलेला नव्हता. डोके दुभाजकावर आपटते. तो दोन-तीन मिनिटे बेशुद्ध असतो, मग उठून बसतो, आपले नाव सांगतो, पाणी मागतो. जमलेल्या लोकांना हायसे वाटते. कपाळाच्या जखमेवर रुमाल बांधून त्याला रिक्षात घालतात आणि जवळच्या लहान रुग्णालयात नेतात.

येथे रिक्षाला सहाच मिनिटे लागतात. जखम शिवणे, सलाइन, क्ष-किरण आणि कागदपत्रे यांत चाळीस मिनिटे जातात. तेवढ्यात रुग्णाला मळमळते, उलटी होते आणि तो पेंगू लागतो. मेंदूचा शस्त्रवैद्य तेथे नाही. पुढच्या रुग्णालयात नेण्याची चिठ्ठी मिळते. गाडी मिळेतो पंचवीस मिनिटे, आणि गर्दीतून शिवेपर्यंत आणखी पंचवीस. एकूण शहाण्णव मिनिटे झाली. लोकांच्या मते त्याला सहा मिनिटांत उपचार मिळाला. त्याला जो उपचार हवा होता, त्याच्या दारात तो शहाण्णव मिनिटांनी पोहोचला.

आता दुसरा मार्ग. लोक त्याला न हलवता १०८ ला दूरध्वनी करतात. बोलण्यात आणि गाडी नेमण्यात चार मिनिटे, गाडी येण्यास चौदा, मान स्थिर करून फळीवर घेण्यास आठ आणि थेट शिवेच्या रुग्णालयापर्यंत बावीस. एकूण अठ्ठेचाळीस मिनिटे. पहिल्या मार्गाच्या निम्मा काळ. रस्त्यावर अठरा मिनिटे नुसते थांबून राहणे जमलेल्या लोकांना असह्य वाटते. पण हिशेब त्या थांबण्याच्या बाजूने आहे.

या प्रसंगातील खरी मेख शुद्धीवर येण्यात आहे. डोक्याला मार लागल्यावर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिनी फाटून रक्त साचू लागते. रक्त थोडे असते तोवर माणूस बोलतो, चालतो. साचलेले रक्त मेंदूवर दाब देऊ लागले, की तो पुन्हा गुंगीत जातो. मधला हा शहाणपणाचा काळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा. म्हणून बेशुद्ध होऊन शुद्धीवर आलेल्या माणसाचा धोका टळला असे समजू नये. वाढती गुंगी, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णाला सी. टी. स्कॅन आणि मेंदूचा शस्त्रवैद्य ही दोन्ही चोवीस तास उपलब्ध असलेले रुग्णालय हवे, मग ते चार किलोमीटर दूर का असेना.

याला अपवादही आहेत आणि ते तितकेच महत्त्वाचे. ज्याचा श्वास अडला आहे, किंवा दाबूनही ज्याचे रक्त थांबत नाही, त्याला सर्वांत जवळच्या रुग्णालयातच नेले पाहिजे. तो दूरचा प्रवास सहन करू शकत नाही. गाडी येईपर्यंत वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने एकसारखे दाबून धरावे, मधूनमधून उचलून पाहू नये. बेशुद्ध पण श्वास घेत असलेल्या माणसाला मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी किंवा रक्त श्वासनलिकेत जात नाही. तोंडात पाणी घालू नये. आणि गाडी मिळण्याची शक्यताच नसेल, तर पाय दुमडून बसवाव्या लागणाऱ्या रिक्षापेक्षा आडवे निजवता येईल असे वाहन पाहावे.

पूर्व की पश्चिम?

वरच्या हिशेबातील पहिली चार मिनिटे वाटतात तितकी किरकोळ नाहीत. महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली तेव्हा तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे उभारण्यात आला. फोन उचलणाऱ्याला मुंबईतील प्रत्येक नाका पाठ असणे शक्य नाही. ‘कुर्ल्याला अपघात झालाय, लवकर या’ एवढ्यावर गाडी सुटू शकत नाही. आणि सुटलीच, तर रुळांच्या चुकीच्या बाजूला येऊन उभी राहते. समोर पाचशे पावलांवर रुग्ण दिसत असतो. पण मध्ये लोहमार्ग असतो, आणि पूल दूर असतो. मुंबईच्या पत्त्यात ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हा शब्द म्हणूनच प्राणाइतका मोलाचा. त्यानंतर रस्त्याचे नाव, वाहतुकीची दिशा, आणि दुकानाची पाटी, बसथांबा किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक यांपैकी एखादी ठळक खूण. स्वतःचा क्रमांक सांगून फोन मोकळा ठेवावा आणि एका माणसाला नाक्यावर उभे करावे.

रुळांवर पडलेल्या माणसाचा पत्ता सांगणे आणखी अवघड वाटते. प्रत्यक्षात तो लिहून ठेवलेला असतो. विद्युत तारा पेलणाऱ्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक अशी अपूर्णांकासारखी संख्या रंगवलेली असते. ती स्थानक अधीक्षकाला सांगितली, की जागा नेमकी कळते. उपनगरी रेल्वेवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. तेथील जखमीची वाट निराळी. मोटरमन किंवा गार्ड स्थानकाला कळवतो, स्थानक अधीक्षक मेमो काढतो, हमाल स्ट्रेचर घेऊन निघतात. दोन स्थानकांच्या मध्ये, जेथे कोणताही रस्ता पोहोचत नाही, तेथे जखमीला पुष्कळदा गाडीतच घेऊन पुढच्या स्थानकावर उतरवले जाते. गर्दीच्या मुंबईत ती सर्वांत जलद रुग्णवाहिका ठरते. खरी खोळंबा होण्याची जागा म्हणजे फलाट. स्ट्रेचर चार माणसांनी जिन्यावरून पादचारी पुलावर चढवायचे, गर्दीतून वाट काढायची, पुन्हा उतरवायचे आणि मग गाडी शोधायची. मुंबई उच्च न्यायालयात २००८ साली दाखल झालेल्या जनहित याचिकेवर वेळोवेळी जे आदेश झाले, त्यांतून स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आले आणि स्थानकाबाहेर रुग्णवाहिका उभ्या राहू लागल्या. जिना मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला.

पुलांचे शहर

शेवटी उरतो तो रस्ता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत उड्डाणपूल झाले, २००९ मध्ये सागरी सेतू, २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग आणि २०२४ पासून सागरी किनारा मार्ग खुला झाला. हे सारे मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण आहेत. पूर्व-पश्चिमेसाठी २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आला खरा. परंतु वस्तीतून रुग्णालयात जाणारी वाट अजूनही बहुधा रुळांवरच्या जुन्या पुलांवर अवलंबून आहे, आणि ते पूल आता थकले आहेत.

अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला, आणि अंधेरी पूर्वेकडून कूपर रुग्णालयाकडे जाण्याची सरळ वाट तुटली. त्याची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. १९१२ सालचा शीव येथील पूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडकामासाठी बंद झाला. परळच्या रुग्णालयांना पश्चिमेशी जोडणारा प्रभादेवीचा पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद करण्यात आला. पूल जुने झाले होते आणि ते पाडणे भागच होते. पण प्रत्येक वेळी त्या परिसरातील जखमीचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

आपण पाहिलेल्या कुर्ल्याच्या दुचाकीस्वाराचेच पाहा. शास्त्री मार्गाने येऊन शिवेचा पूल ओलांडला, की रुग्णालय समोर. पूल बंद झाल्यावर तीच गाडी धारावीत वळवावी लागली. संत रोहिदास मार्ग, मग नव्वद फुटी रस्ता आणि सुलोचना शेट्टी मार्गाने रुग्णालयाचे फाटक. अंतर फार वाढत नाही. वाढते ती अनिश्चितता. हातगाड्या, माल उतरवणारे टेंपो आणि वळणे यांतून जाताना बावीस मिनिटांची पस्तीस होऊ शकतात. अशा वेळी शीवऐवजी उत्तरेकडचे, पुलावर अवलंबून नसलेले, आवश्यक सोयींचे रुग्णालय अधिक जवळचे ठरू शकते. नकाशावरील अंतर बदललेले नसते. वाट बदललेली असते. म्हणून अनुभवी चालक दररोज पाळी सुरू होताना प्रथम विचारतो ते हेच, की आज कोणता पूल बंद आहे, कोठे खोदकाम आहे, कोणाची मिरवणूक आहे.

ज्या न्यासांनी आणि मंडळांनी या शहराला अडचणीच्या काळात गाड्या दिल्या, त्यांचे काम १०८ आल्यामुळे संपलेले नाही. ते बदलले आहे. रुग्णाला घरी आणणे, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणे ही कामे या गाड्यांनी उचलली, तर अपघाताच्या गाड्या अपघातासाठी मोकळ्या राहतात. चालकासोबत प्रथमोपचार शिकलेला एक माणूस, भरलेले प्राणवायूचे नळकांडे, मान स्थिर ठेवणारा पट्टा आणि कोणत्या रुग्णालयात रात्री कोणते शस्त्रवैद्य असतात याची आठवड्याला तपासलेली यादी, एवढ्याने जुन्या गाडीची सेवा कितीतरी पुढे जाते.

१८९६ मध्ये मुंबईकर रोगी लपवत होते, कारण न्यायला येणाऱ्या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. आज तोच मुंबईकर रस्त्याच्या कडेला उभा राहून, हात उंचावून, त्या गाडीची वाट पाहतो. गाडीतल्या माणसाला मात्र दूरध्वनीवर पहिला प्रश्न अजूनही तोच विचारावा लागतो : पूर्वेला, की पश्चिमेला?